स्लिपवरचे नव्वद हजार

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझा भाचा नाशिकहून आला, तो हातात फाईल घेऊनच. चहा व्हायच्या आत त्याने टेबलावर ऑक्टोबरची पगाराची स्लिप ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. एकूण मिळकत ९०,००० रुपये, हातात आलेली रक्कम ८६,८०० रुपये. तो औषध कंपनीत एमआर आहे. पाथर्डी फाट्याजवळ ५२ लाखांचा फ्लॅट त्याने आणि बायकोने पाहून ठेवला होता.

"मामा, ८६ हजारांच्या निम्मे म्हणजे ४३ हजारांचा हप्ता मला झेपतो. त्यात पन्नास लाख बसतात, मी हिशोब केलाय. आणि ते म्हणतात चोवीस लाख सत्तर हजार. त्यांनी स्लिप नीट वाचलीच नाही."

मी नोकरीची बावीस वर्षं गृहकर्जाच्या फायली तपासण्यात घालवली. त्यामुळे स्लिप हातात घेतली की नजर शेवटच्या ओळीकडे जातच नाही, ती वरून खाली सरकते. त्याचीही स्लिप मी तशीच वाचली. कर्ज देणाऱ्याने ती नीट वाचली होती. भाच्याने मात्र एकच ओळ वाचली होती, आणि बहुतेक नोकरदार तेच करतात.

नेमका फरक पडतो तो इथे. आपल्याला प्रश्न असतो, मला किती मिळतात? कर्ज देणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. पुढची वीस वर्षं, म्हणजे २४० महिने, दर महिन्याच्या पाच तारखेला यातलं किती खात्रीने येईल? स्लिपवरच्या प्रत्येक ओळीला तो हा प्रश्न विचारतो. ज्या ओळीचं उत्तर 'दर महिन्याला, तेवढेच' असं येतं ती पूर्ण धरली जाते, 'येतात, पण कमीजास्त' असं येतं ती अर्धीमुर्धी धरली जाते, आणि 'या महिन्यात आले होते' एवढंच उत्तर असेल तर ती ओळ खोडली जाते.

भाच्याची स्लिप अशी होती. मूळ पगार २५,०००, घरभाडे भत्ता १०,००० आणि विशेष भत्ता १७,०००. या तीन ओळी बाराही महिने त्याच राहतात. त्यांची बेरीज ५२,०००. हा झाला त्याचा पक्का पगार, आणि कर्जाच्या हिशोबात तो पूर्णच्या पूर्ण धरला जातो. घरभाडे भत्ता मूळ पगारात नाही म्हणून तो धरत नाहीत, असा एक समज अजून ऐकू येतो. तसं नाही. ठरलेली रक्कम दर महिन्याला येत असेल तर भत्ता आहे म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

चौथी ओळ होती १४,००० रुपयांची, समोर लिहिलं होतं 'डीए'. भाचा म्हणाला, "महागाई भत्ता तर सगळीकडे धरतात. मग माझा का नाही?" एकाच दोन अक्षरांनी इथे घोळ केला होता. सरकारी कर्मचाऱ्याच्या स्लिपवरचा डीए म्हणजे महागाई भत्ता. तो पक्क्या पगाराचाच भाग असतो, कारण त्याचा दर जाहीर होतो आणि रक्कम सहसा वरच सरकते. एमआरच्या स्लिपवरचा डीए म्हणजे दौऱ्यावर असतानाचा रोजचा भत्ता. नाशिक शहरात फिरलं तर एक दर, सिन्नर-निफाडला जाऊन संध्याकाळी परत आलं तर दुसरा, धुळे-नंदुरबारला मुक्काम पडला तर तिसरा. हे पैसे येतात आणि पेट्रोलमध्ये, लॉजच्या भाड्यात, दुपारच्या थाळीत जातात. त्याची कंपनी ते पगारासोबतच जमा करते म्हणून ते स्लिपवर दिसतात, एवढंच. झालेला खर्च भरून मिळतो ती कमाई नव्हे, म्हणून १४,००० पूर्ण बाद. मोबाइल बिल, गाडीचा खर्च, जेवणाची कुपनं, औषधपाण्याची भरपाई, या सगळ्यांकडे साधारण याच नजरेने पाहतात. काही ठिकाणी ठरावीक रकमेचा वाहनभत्ता धरतात, पण बिल दाखवून मिळणारे पैसे जवळपास कुणीच धरत नाही.

पाचवी ओळ खरी वादाची. 'इन्सेंटिव्ह २४,०००.' जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं टार्गेट पार केलं म्हणून ऑक्टोबरच्या पगारात आलेले पैसे. त्यात त्याची मेहनत होती, उन्हापावसात डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर ताटकळण्याचे तास होते. पण कर्ज देणाऱ्याला त्या ओळीतून मेहनत दिसत नाही, चढउतार दिसतो. मी त्याला मागच्या चार तिमाह्यांचे आकडे विचारले. जानेवारीत १५,०००, एप्रिलमध्ये २१,०००, ऑक्टोबरमध्ये २४,०००.

"आणि जुलैमध्ये?"

"जुलैमध्ये नाही मिळालं. टार्गेट थोडक्यात हुकलं."

चारांमध्ये एक शून्य होतं. हप्ता मात्र जुलैमध्येही तेवढाच भरायचा असतो.

म्हणून बदलत्या पगाराचा हिशोब दोन टप्प्यांत होतो. आधी सरासरी काढतात. तिमाही किंवा मासिक इन्सेंटिव्ह असेल तर मागचे सहा किंवा बारा महिने पाहतात. वार्षिक बोनस असेल तर बहुधा दोन वर्षांचा पाहतात आणि त्याला बाराने भागून महिन्यावर आणतात. मग त्या सरासरीचा काही भागच धरतात, पुष्कळ ठिकाणी निम्मा. भाच्याचे वर्षाचे ६०,००० झाले, म्हणजे महिन्याला ५,०००, आणि त्याचे निम्मे अडीच हजार. स्लिपवर चोवीस हजार दिसणारी ओळ कर्जाच्या हिशोबात अडीच हजारांची झाली. काही सावध संस्था तेवढेही धरत नाहीत. काही उदार संस्था दोन-तीन वर्षांचा सलग पुरावा असेल तर सरासरीचा बराच मोठा भाग धरतात. प्रत्येक बँकेचं आणि गृहवित्त कंपनीचं धोरण वेगळं असतं, ते बदलतंही, आणि शाखेतला अधिकारी आपल्या मनाने ते वाकवू शकत नाही.

ही काटछाट अनेकांना अपमानासारखी वाटते. तसं वाटून घेऊ नये. नियुक्तिपत्र काढून बदलत्या पगाराचं कलम वाचा. ही रक्कम कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून राहील आणि ती देण्याचा निर्णय कंपनीचा असेल, अशा अर्थाचं वाक्य तिथे बहुतेक वेळा सापडतं. ज्या पैशांची कंपनीनेच हमी दिलेली नाही, त्यांची हमी कर्ज देणारा कशी धरील? २०२० च्या टाळेबंदीत अनेक कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, तेव्हा सर्वांत आधी बोनस आणि इन्सेंटिव्ह गेले. ज्यांचे हप्ते त्यांच्याच भरवशावर उभे होते त्यांची त्या वर्षी काय दमछाक झाली, हे मी समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

आता पुढचा हिशोब. पक्के ५२,००० आणि इन्सेंटिव्हचे अडीच हजार मिळून ५४,५०० झाले. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे ३,००० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाऊन राहिले ५१,३००. त्याला आयकर कापला जात नव्हता. या ५१,३०० चा किती भाग सगळ्या हप्त्यांमध्ये जाऊ द्यायचा, याची एक मर्यादा असते. हप्ते आणि उत्पन्न यांचं हे प्रमाण आमच्या कामात 'एफओआयआर' या नावाने चालतं. साधारण पन्नास टक्के हा मधला आकडा धरा. कमी पगाराला तो खाली येतो आणि मोठ्या पगाराला साठपर्यंत किंवा थोडा वरही जातो, कारण ज्याला दोन लाख मिळतात त्याच्याकडे निम्मे हप्त्यात गेले तरी घर चालवायला एक लाख उरतात. भाच्यासाठी पन्नास टक्के म्हणजे २५,६५० रुपये.

पण हे सगळ्या हप्त्यांसाठी. त्याच्या मोटारसायकलचा ४,२०० रुपयांचा हप्ता चालू होता. तो वजा केला की घराच्या हप्त्यासाठी राहिले २१,४५०. साडेआठ टक्के व्याजदर आणि वीस वर्षं मुदत धरली तर एक लाखाच्या कर्जाला महिन्याला ८६८ रुपये हप्ता पडतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यावरून बाकीचं सगळं तोंडी काढता येतं. २१,४५० भागिले ८६८ म्हणजे जवळजवळ २४ लाख ७० हजार. संस्थेने सांगितलेला आकडा रुपयाला रुपया जुळला.

भाचा गप्प बसला. मग त्याने सगळ्यांना सुचतो तोच मार्ग सुचवला. "दुसरीकडे जातो. इन्सेंटिव्ह पूर्ण धरणारी बँक शोधतो."

मी म्हटलं, शोध, पण आधी त्यातून काय मिळणार ते बघ. कागद पुढे ओढून आम्ही मांडलं. इन्सेंटिव्ह अजिबात धरलं नाही तर कर्ज बसतं साधारण २३ लाख २७ हजार. निम्मं धरलं तर २४ लाख ७० हजार. सरासरीचे पाचच्या पाच हजार धरले तरी २६ लाख १५ हजार. म्हणजे सर्वांत कडक आणि सर्वांत उदार संस्थेत तीन लाखांच्या आतबाहेर फरक, आणि त्यासाठी उदार संस्थेने व्याजदर थोडा जास्त लावला तर तोही फायदा हातचा गेला. त्याला हवे होते ते चाळीस-पन्नास लाख इन्सेंटिव्हच्या ओळीत नव्हतेच.

ते दुसऱ्या एका ओळीत होते, आणि ती ओळ स्लिपवर नव्हती. मोटारसायकलचा ४,२०० चा हप्ता! ४,२०० भागिले ८६८ केले की ४ लाख ८४ हजार येतात. त्या कर्जाचे अकरा हप्ते राहिले होते आणि ते बंद करायला ४४ हजारांच्या आसपास लागणार होते. ऑक्टोबरच्या इन्सेंटिव्हचे २४ हजार त्याच्या खात्यात तसेच पडून होते. तेच पैसे, त्यात बचतीतले वीस हजार घालून, मोटारसायकलच्या कर्जात भरले तर घराच्या कर्जाची पात्रता पावणेपाच लाखांहून अधिक वाढत होती. उत्पन्न म्हणून दाखवलेल्या इन्सेंटिव्हने मात्र वर्षाचे साठ हजार मिळून दीड लाखदेखील वाढवले नव्हते. बदलत्या पगाराचा गृहकर्जासाठी सर्वांत चांगला उपयोग मला वाटतो तो हाच. काही संस्था पाच-सहा हप्तेच उरलेलं कर्ज हिशोबात धरत नाहीत, पण अकरा उरले असतील तर त्यावर विसंबू नये. कर्ज फेडल्यावर ना-देय दाखला घ्यावा आणि तो फाईलला लावावा, कारण सिबिलच्या अहवालात खातं बंद झाल्याची नोंद यायला थोडा वेळ जातो.

स्लिपची डावी बाजू, म्हणजे मिळकतीची, सगळेच पाहतात. उजवी बाजू कपातीची असते, आणि फाईल तपासणारा तिथे जास्त वेळ थांबतो. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर या सक्तीच्या कपाती सरळ वजा होतात. निधीत कुणी स्वखुशीने जास्त पैसे टाकत असेल तर ती रक्कम उत्पन्नात परत धरा अशी विनंती करता येते, कारण ती कपात मनात आणलं तर थांबवता येते. एलआयसीचा हप्ता पगारातून जात असेल तर ते कर्ज नव्हे. पण 'सोसायटी' किंवा 'पतसंस्था' असं लिहून तीन-चार हजार कापले जात असतील तर तो कर्जाचा हप्ता आहे की नुसती वर्गणी, हे नक्की विचारलं जातं. शाळा, नगरपालिका, एसटी, जुने कारखाने अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून लग्नासाठी, आजारपणासाठी घेतलेलं कर्ज असतं. ते सिबिलच्या अहवालात दिसेलच असं नाही, म्हणून लोक अर्जात लिहीत नाहीत. स्लिपवर मात्र ते दर महिन्याला उघडपणे छापलेलं असतं. मग प्रश्न नुसत्या हप्त्याचा राहत नाही, 'लपवलं का' असा होतो. शालार्थ किंवा सेवार्थमधून निघालेल्या स्लिपवर पतपेढीची कपात असेल तर अर्जातच तिचा उल्लेख करावा आणि किती रक्कम फेडायची राहिली आहे याचं पतपेढीचं पत्र जोडावं.

स्लिपा सहसा शेवटच्या तीन महिन्यांच्या मागतात. त्यामुळे कोणत्या महिन्यात अर्ज करावा यावर लोक बरीच खलबतं करतात. दिवाळी बोनसची स्लिप आत आली की काम झालं, असं त्यांना वाटतं. ते होत नाही. स्लिपांसोबत पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं, इन्सेंटिव्ह धरायचं असेल तर बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात, आणि दोन वर्षांचे फॉर्म १६. एका महिन्याचा फुगवटा या तिन्हींत टिकत नाही. याची दुसरी बाजू मात्र कामाची आहे. पगारवाढ एप्रिलपासून लागू होऊन जुलैमध्ये हाती आली, तर जुलैच्या स्लिपमध्ये तीन महिन्यांची थकबाकी असते. ती थकबाकी खोडली जाते, पण वाढलेला मूळ पगार पूर्ण धरला जातो, पगारवाढीचं पत्र जोडलं तर लगेच. म्हणून बोनसच्या मागे धावण्यापेक्षा वाढीव पगाराची निदान एक-दोन महिन्यांची स्लिप हाती येईपर्यंत थांबण्यात फायदा आहे. ज्या महिन्यात बिनपगारी रजा पडली असेल तो महिना मात्र तीनांत आला तर स्पष्टीकरण तयार ठेवावं. स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात पगाराचे दिवस छापलेले असतात. तिथे ३१ ऐवजी २६ दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

चाकणला, सातपूरला कारखान्यात काम करणाऱ्यांच्या स्लिपवर इन्सेंटिव्हऐवजी ओव्हरटाइम आणि शिफ्ट भत्ता असतो. दुप्पट दराने मिळणारा ओव्हरटाइम कधी कधी पगाराच्या एक तृतीयांशापर्यंत जातो, आणि माणूस तोच आपला पगार समजून चालतो. ऑर्डरी घटल्या की पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक असतं. कर्ज देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो सहा महिन्यांची सरासरी घेऊन त्यातलं थोडंच धरतो किंवा अजिबात धरत नाही. युनियनच्या वेतन करारातून दर महिन्याला ठरलेला उत्पादन भत्ता मिळत असेल तर गोष्ट वेगळी. कराराची प्रत दाखवून तो पक्क्या पगारात धरावा असं सांगता येतं, आणि पुष्कळदा ते मान्य होतं.

नोकरीच्या पत्रावरचं वार्षिक पॅकेज घेऊन येणाऱ्यांची समजूत काढणं मला नेहमी जड जायचं. नऊ लाखांच्या पॅकेजमध्ये मालकाने निधीत भरायचे पैसे असतात, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीची तरतूद असते, मेडिक्लेमचा हप्ता असतो, आणि शंभर टक्के टार्गेट पूर्ण होईल असं मानून लिहिलेलं इन्सेंटिव्हही असतं. यातलं काहीही महिन्याच्या एक तारखेला हातात येत नाही. कर्जाची पात्रता पॅकेजवर कुणीच काढत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. भाच्याला त्याच्या ओळखीच्या एका एजंटाने सुचवलं होतं की स्लिपची पीडीएफ 'ठीक करून' देतो, इन्सेंटिव्ह विशेष भत्त्यात मिसळून टाकतो, कोण बघतं. बघतात. निधीची कपात मूळ पगाराच्या बारा टक्के आहे का, किंवा पंधरा हजारांच्या मर्यादेनुसार अठराशे आहे का, हे पहिल्या मिनिटात पाहतात. स्लिपवर वर्षाची आतापर्यंतची बेरीज छापलेली असते, तिच्यात मागच्या महिन्याची बेरीज आणि या महिन्याची रक्कम जुळते का ते पाहतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीच्या स्लिपवर २०० दिसले की तपासणारा थांबतोच. मग बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, निधीचं पासबुक आणि शेवटी कंपनीच्या एचआरला फोन. एक आकडा बदलला की इतक्या ठिकाणी तो बदलावा लागतो, आणि त्यातली निम्मी ठिकाणं अर्जदाराच्या हातात नसतात. अशी फाईल नुसती नामंजूर होत नाही, त्या नावावर फसवणुकीचा शेरा बसू शकतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. ज्याने कागद बदलून दिला तो एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

सचोटीने करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि भाच्याने ते केलं. कंपनीच्या एचआरकडून त्याने लेटरहेडवर एक पत्र घेतलं. त्यात मागच्या आठ तिमाह्यांची इन्सेंटिव्हची रक्कम आणि ती कोणत्या तारखेला खात्यात जमा झाली हे लिहिलं होतं. आठांमध्ये शून्य एकदाच आलं होतं, हे त्यामुळे कागदावर दिसलं. दौऱ्याचा भत्ता वेगळा काढून दाखवणारं पानही त्याने स्वतः तयार करून जोडलं. यामुळे रक्कम वाढली नाही, पण प्रश्न विचारायला फाईल परत आली नाही.

खरी वाढ झाली ती भाचेसुनेमुळे. ती एका खासगी शाळेच्या कार्यालयात आहे. हातात २८,००० येतात, सगळा पक्का पगार, स्लिपवर चारच ओळी. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचा हे ठरलेलंच होतं, पण तिचा पगार कर्जात धरायचं कुणाला सुचलं नव्हतं. "माझा पगार केवढासा," ती म्हणाली. तो केवढासा पगार हिशोबात बसवला तेव्हा दोघांचं मिळून धरण्याजोगं उत्पन्न ७९,३०० झालं. मोटारसायकलचा हप्ता संपलेला. निम्मे ३९,६५०, आणि त्यात कर्ज बसत होतं ४५ लाख ६८ हजार. तिच्या २८ हजारांनी एकट्यांनी १६ लाख १३ हजार वाढवले होते. स्लिपवरचे त्याचे चोवीस हजार आणि तिचे अठ्ठावीस हजार दिसायला जवळपास सारखे, पण एक ओळ तीन महिन्यांनी येते, तीही आली तर, आणि दुसरी दर महिन्याला.

पुढे एक वेगळी मर्यादा आडवी येते, ती घराच्या किमतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. ५२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४१ लाख ६० हजार. पात्रता ४५ लाखांच्या वर असली तरी मिळणार एवढंच. उरलेले १० लाख ४० हजार आणि मुद्रांक शुल्क, नोंदणीचा खर्च घरातून घालावा लागला. त्यासाठी माझ्या बहिणीने मुदत ठेव मोडली.

मंजुरीपत्र जानेवारीत आलं. हप्ता ३६,१०९ रुपये, मुदत वीस वर्षं. मंजुरीच्या हिशोबात इन्सेंटिव्ह अडीच हजारच धरलं होतं, आणि त्याबद्दल आता भाच्याची तक्रार नव्हती. त्याने मला विचारलं ते वेगळंच. इन्सेंटिव्ह येईल तेव्हा ते मुद्दलात भरता येईल का? बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे भरता येतं, आणि कितीही वेळा. मात्र दर वेळी शाखेला लेखी सांगावं लागतं की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. वर्षाला साठ हजार असे मुद्दलात जात राहिले आणि दर तोच राहिला, तर वीस वर्षांचं कर्ज जवळपास पंधरा वर्षांत संपतं. ज्या तिमाहीत टार्गेट हुकेल त्या तिमाहीत काही भरायचं नाही, आणि पाच तारखेचा हप्ता दोघांच्या पक्क्या पगारातून नेहमीसारखा जाईल.

परवा त्याचा फोन आला. जानेवारीच्या पगारात १८,००० आले होते आणि तो मुद्दलात भरायचा अर्ज कसा लिहायचा ते विचारत होता. मी त्याला तीन ओळी सांगितल्या. पलीकडून भाचेसून त्या लिहून घेत होती.